पावसात भिजलेला फोन: तिसरा दिवस, पोर्ट कोरडा दिसतोय, तरी ओलाव्याची सूचना जात नाही

वारजेची_रसिका | बुधवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सोमवारी सकाळी स्कूटरने वारज्याहून हिंजवडीला निघाले होते. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये, स्कूटरच्या यूएसबी सॉकेटमधून केबल लावलेली आणि नकाशा चालू. चांदणी चौक ओलांडला आणि पाऊस कोसळायला लागला. थोडं पुढे गेल्यावर स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं, चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा अशी सूचना. चार्जिंग फोननेच थांबवलेलं दिसत होतं, म्हणून मी भर पावसात हायवेच्या कडेला थांबले नाही. ऑफिसात पोचल्यावर केबल काढली. तोवर चाळीसेक मिनिटं झाली असतील.

ऑफिसात पुसून टेबलावर ठेवला. रात्री तांदळाच्या डब्यात. काल दिवसभर काहीच लावलं नाही. आज केबल लावली की परत तीच सूचना. फोन दोन वर्षांचा, आयपी६७ वाला अँड्रॉइड. वायरलेस चार्जिंग नाही. बॅटरी २२ टक्के उरली आहे आणि बँकेचे ओटीपी, आईच्या औषधांची ऑर्डर, सगळं याच नंबरवर. अजून किती थांबायचं? की थांबून उपयोगच नाही?

---

सुनंदा_काकू | रात्री ९.५५

रसिका, आमच्या धाकट्याचा फोन मागच्या वर्षी बादलीत पडला होता. तांदळात पाच दिवस ठेवला, सहाव्या दिवशी चालू झाला. तू एकच रात्र ठेवलास ना? अजून ठेव बाळा. घाई करू नकोस.

---

केदार_बाणेर | रात्री १०.०४

तीन दिवसांत पोर्टमधलं पाणी केव्हाच उडालेलं असणार. ही सूचना अडकलेली असते. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत सिस्टीम ॲप्स दाखवायला सांग, तिथे `USBSettings` नावाचं ॲप दिसलं तर त्याची कॅशे साफ कर आणि फोन रीस्टार्ट कर. माझ्या फोनला असंच झालं होतं, दोन मिनिटांत काम झालं. तेवढ्याने नाही झालं तर फोन पूर्ण बंद करून चार्जिंगला लाव. बंद फोन बऱ्याचदा ओलावा तपासत नाही, सरळ चार्ज होतो.

---

नितीन_चिंचवड | रात्री १०.११

स्कूटरच्या सॉकेटची तक्रार माझीही आहे. पावसाळा सुरू झाला की त्यातून करंटच येत नाही. फ्यूज बघितला, ठीक आहे. कुणाला माहीत आहे का हे सॉकेट बाहेरून बदलून घेतलं तर वॉरंटी जाते का?

---

जुना_सोल्डर | रात्री १०.४८

चौदा वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या फोनांत हा प्रकार रोजचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रसिका, आधी एक काम कर. केदार म्हणतोय तसं फोन बंद करून चार्जिंगला लावू नकोस. निदान पोर्ट आतून बघेपर्यंत तरी नाही. सिम काढून घरातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये टाक, म्हणजे ओटीपी आणि औषधांचं काम अडणार नाही. मग हा फोन पूर्ण बंद कर. २२ टक्के बॅटरी वाचव, पुढे तपासायला लागेल.

आता बॅटरीवर चालणारा चांगला टॉर्च घे आणि पोर्टमध्ये बघ. मधोमध एक पातळ काळी जीभ असते, तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सोनेरी रेघा असतात. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून दोन्ही अंगांचे फोटो काढ आणि इथे टाक. हिरवट किंवा निळसर पावडर दिसते का, एखादी रेघ काळी पडलीय का, ते सांग. आणि हो, ज्या केबलने चाललं होतं तिचं टोकही तसंच बघ. ती केबल आता कुठल्याच फोनला लावू नकोस.

---

केदार_बाणेर | रात्री १०.५९

बंद करून लावण्यात नेमका धोका काय? मी तर दर वेळी तेच करतो आणि काही झालेलं नाही.

---

जुना_सोल्डर | रात्री ११.३०

तुझ्या पोर्टमध्ये त्या वेळी खरंच काही नसेल म्हणून काही झालं नाही. कॅशेचा उपायही खोटा नाही. पोर्ट स्वच्छ असेल आणि केबल नसतानाही थेंबाचं चिन्ह तसंच राहत असेल तर तो करून बघावा. रसिकाला मात्र केबल लावल्यावर सूचना येते. म्हणजे फोनला काहीतरी खरंच जाणवतंय.

फोन ओलावा ओळखतो म्हणजे काय करतो, तर पोर्टच्या पिनांवरून अगदी बारीक वीज सोडून बघतो की ती भलत्याच पिनेकडे गळतेय का. गळती दिसली की ओलावा आहे असं ठरवतो. पाणी आणि क्षार यांतला फरक त्याला कळत नाही. पावसाचं पाणी, रस्त्यावरून उडालेला चिखल, हाताचा घाम यांतलं पाणी उडून जातं, क्षार जिभेवरच बसतात. जुलैत पुण्याची हवा इतकी दमट असते की ते क्षार हवेतलं पाणी ओढून ओलसर राहतात. रात्री पंख्याखाली सूचना येत नाही, सकाळी पाऊस पडत असताना येते, असं कुणाचं होत असेल तर खुशाल समजा की पाणी गेलंय, मीठ राहिलंय. तीन दिवस काय, तीन आठवडे थांबलं तरी ते आपोआप जाणार नाही.

---

विद्युतमित्र | गुरुवार, सकाळी ७.१५

डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. सोल्डर यांनी लिहिलं ते बरोबर आहे, पण रसिकाताईंच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कुणी उचलली नाही. ती चाळीस मिनिटं.

फोनने चार्जिंग थांबवलं याचा अर्थ फोनने स्वतःच्या आत वीज घेणं थांबवलं. स्कूटरच्या सॉकेटला आपण जी जुन्या चपट्या तोंडाची केबल लावतो, तिच्या दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट कायम असतात, फोन लावा किंवा न लावा. म्हणजे सूचना आल्यानंतरही पोर्टमधल्या पाण्यात ते ५ व्होल्ट उभेच होते. शाळेत पाण्यात दोन तारा बुडवून बुडबुडे काढतो, तोच प्रयोग तुमच्या पोर्टमध्ये चाळीस मिनिटं चालला. त्यात अधिक बाजूची पिन विरघळते. सोन्याचा मुलामा फारच पातळ असतो. त्याला कुठे बारीक छिद्र असलं की खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं, आणि हिरवं दिसतं ते तांब्याचं.

दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलचं वेगळं असतं. समोर फोन आहे अशी खूण पटेपर्यंत चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. ती खूण पटवणारी पिन नेमकी ५ व्होल्टच्या पिनेला खेटून असते. म्हणून गंज तिथे धरला की पुढे भलतेच घोळ दिसतात.

---

सुनंदा_काकू | सकाळी ८.०२

मग आमच्या फोनला तांदळाने गुण आला तो कसा?

---

जुना_सोल्डर | सकाळी ८.४०

काकू, तुमचा फोन पाच दिवस बंद होता आणि कुणी चार्जिंगला लावला नाही, त्याने गुण आला. डब्याबाहेर टेबलावर ठेवला असता तरी तेच झालं असतं, कदाचित लवकर. तांदूळ पोर्टच्या आतलं पाणी ओढत नाही. उलट त्याची पावडर आणि कण्या आत जातात. एकदा तर पोर्टमध्ये फुगून बसलेली कणी मी सुईने कोरून काढली आहे. ॲपलनेही आयफोनसाठी तांदूळ नको असं स्पष्ट लिहिलंय. त्यांच्या सूचनेत केबल काढायची, पोर्ट खाली करून हातावर हलकेच आपटायचं, वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवायचं आणि निदान अर्धा तास गेल्यावर पुन्हा लावून बघायचं, असं आहे. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो, हेही तिथेच आहे.

माझा नेम असा. नुसते शिंतोडे असतील आणि केबल लावलेली नव्हती, तर पोर्ट खाली करून पंख्यासमोर दोन-तीन तास. फोन पाण्यात पडला असेल तर पूर्ण एक दिवस. चोवीस तास झाले, फोन पंख्याखाली होता आणि तरी सूचना येतेय, तर थांबणं बंद करायचं आणि पोर्ट बघायचा. हेअर ड्रायर वापरू नका. आतला गोंद मऊ होतो आणि पाणी सीलच्या पलीकडे ढकललं जातं. कापसाची काडी किंवा टिश्यूची वळकटीही आत घालू नका, तिचे धागे तिथेच राहतात.

हे सगळं फक्त पोर्ट भिजला असेल तर. कॅमेऱ्याच्या काचेत आतून वाफ धरली असेल, स्पीकर घोगरा वाजत असेल किंवा फोन गरम लागत असेल, तर पाणी आत गेलंय. तिथे वायरलेस चार्जिंगही नको. फोन बंद करून त्याच दिवशी उघडून घ्यावा.

---

वारजेची_रसिका | दुपारी १.२०

कॅमेरा स्वच्छ आहे, आवाजही नीट आहे. सिम आईच्या जुन्या फोनमध्ये टाकलं, त्यामुळे निम्मी काळजी मिटली. फोटो टाकतेय. जिभेच्या एका अंगाला सगळ्या रेघा सोनेरी आहेत. दुसऱ्या अंगाला मधल्या भागाजवळ हिरवट पांढरा थर आहे आणि एक रेघ तपकिरी दिसते. केबलच्या टोकातही एक पट्टी काळी आहे. बघून पोटात गोळा आला.

---

जुना_सोल्डर | दुपारी २.०५

घाबरू नकोस, रेघ जागेवर आहे. थर आधी काढून बघू. फोन बंदच राहू दे.

आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल, ९९ टक्क्यांचं. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे आयपीए म्हणून माग, छोटी बाटली मिळते. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात हात मऊ राहावेत म्हणून घातलेलं ग्लिसरीन चिकटून बसतं. घरात गॅस पेटलेला नसेल अशा जागी, खिडकी उघडून काम कर.

मऊ केसांचा अगदी बारीक ब्रश घे. लहान मुलांच्या टूथब्रशचे केस कापून बारीक केले तरी चालतो. ब्रश आयपीएत बुडवून झटक, नुसता ओला राहिला पाहिजे. बाटलीतून पोर्टमध्ये ओतू नकोस, आतल्या सीलपर्यंत जातं. पोर्ट खाली झुकवून धर आणि जिभेच्या बाजूने आत-बाहेर हलकेच फिरव. ब्रश पुसून परत बुडव. असं चार-पाच वेळा. हिरवा रंग ब्रशवर आला पाहिजे. सुई, पिन, सिम काढायची तार, काही घालू नकोस. थर खरवडायला गेलं तर उरलेला मुलामाही जातो. मग दोन तास पंख्यासमोर.

नंतर नवी केबल घे, दोन्ही टोकं टाइप-सी असलेली, आणि तसाच चार्जर. एका बाजूने लावून बघ, मग केबल उलटी करून परत लाव. दोन्ही वेळा काय होतं ते लिही.

---

केदार_बाणेर | दुपारी २.३१

उलटी करून का? टाइप-सी तर दोन्हीकडून सारखंच असतं.

---

विद्युतमित्र | दुपारी ३.१०

आकार सारखा, पण ती खूण पटवणारी पिन फोनमध्ये दोन ठिकाणी असते, जिभेच्या वर एक आणि खाली एक. केबलमध्ये मात्र तिची तार एकच. केबल ज्या अंगाने लावाल त्या अंगाची पिन वापरली जाते. एका बाजूने चार्ज होतो आणि उलटी केल्यावर मुळीच होत नाही, असं झालं तर गंज कुठे आहे ते फोन न उघडता कळतं. चपट्या तोंडाच्या जुन्या केबलने ही परीक्षा फसते, कारण तिथे ५ व्होल्ट आधीच आलेले असतात आणि काही फोन तेवढ्यावरच हळूहळू चार्ज होतात.

---

वारजेची_रसिका | शुक्रवार, रात्री ९.१५

काल ऑफिसातून येताना आयपीए आणलं, सांगितलं तसं केलं. ब्रशवर हिरवं आलं. पाच वेळा फिरवल्यावर ब्रश स्वच्छ यायला लागला. रात्रभर पंख्यासमोर ठेवला. सकाळी नवी केबल लावली, सूचना आली नाही! चार्जिंगचं चिन्ह दिसलं तेव्हा खरंच हायसं वाटलं. मग केबल उलटी केली, तर काहीच नाही. सूचनाही नाही, चार्जिंगही नाही. तीन वेळा करून बघितलं.

संध्याकाळी एका दुकानात दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, उघडलाही नाही, आणि मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार होतील म्हणाले. एका बाजूने चार्ज होतोय हे सांगितलं तर ऐकून घेतलं नाही. आता काय करू? असाच एका बाजूने वापरत राहिलं तर चालेल?

---

जुना_सोल्डर | रात्री १०.०२

एका बाजूने चार्ज होतो म्हणजे मदरबोर्ड चार्जिंग घेतोय. तो गेला असता तर कुठल्याच बाजूने झाला नसता. तुझ्या फोनसारख्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पोर्ट खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, आम्ही त्याला सब-बोर्ड म्हणतो. तो एका पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. तो बदलायचं काम फार मोठं नाही. दुकानात विचार की सब-बोर्ड बदलून देता का आणि आधी यूएसबी मीटर लावून दाखवता का. जो तुझ्यासमोर मीटर लावेल त्याच्याकडे दे.

एका बाजूने काही दिवस चालेल, पण एक लक्ष ठेव. ५ व्होल्टच्या पिना चार असतात. त्यांतली एखादी खाल्ली गेली असेल तर तिचा भार बाकीच्यांवर पडतो. चार्ज होताना पोर्टजवळ फोन गरम लागला किंवा केबलचं टोक काढल्यावर तापलेलं असलं, तर वापरू नकोस. आणि उशीजवळ ठेवून रात्रभर चार्जिंग तर नकोच.

---

सह्याद्रीत_भटकी | रात्री १०.४०

आम्ही पावसाळ्यात ट्रेकला जाताना पोर्टला सिलिकॉनचं बूच लावतो. तीन वर्षांत कधी ही सूचना आली नाही. दहा-वीस रुपयांचं काम आहे, सगळ्यांनी लावावं.

---

जुना_सोल्डर | रात्री १०.५८

माझ्याकडे बूच लावलेले फोनही येतात. बुचाच्या कडेने थेंब आत गेला की तो तिथेच कोंडला जातो, वारा लागत नाही. उघड्या पोर्टला जो गंज धरायला दोन दिवस लागले असते तो बुचाखाली दडून धरतो. मी लावायला सांगत नाही.

---

सह्याद्रीत_भटकी | रात्री ११.०६

तुमच्याकडे बिघडलेलेच फोन येतात, न बिघडलेले येत नाहीत. घरी आल्यावर लगेच बूच काढून पोर्ट सुकवला तर कोंडेल कसं? हरिश्चंद्रगडावर दोन दिवस धुक्यात राहून फोन ठणठणीत होता माझा.

---

विद्युतमित्र | रात्री ११.२०

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. धुक्याला बूच पुरतं, धो-धो पावसाला पुरत नसावं. मोजून कुणी बघितलंय का, हे वाचायला आवडेल.

---

वारजेची_रसिका | रविवार, दुपारी १२.३०

काल दुसऱ्या दुकानात गेले. त्यांनी केबल आणि फोन यांच्यामध्ये छोटा मीटर लावला. एका बाजूने मीटर पेटला, आकडे दिसले. उलटी केल्यावर मीटर पेटलाच नाही. ते बघून स्वतःच म्हणाले, सब-बोर्ड बदलू. उघडल्यावर मुख्य बोर्ड मला दाखवला, तो कोरडा होता. सिमच्या खाचेतला पांढरा ठिपकाही पांढराच, म्हणजे आत पाणी गेलेलं नव्हतं. जुन्या बोर्डावरची एक पिन भिंगातून बघितली तर अर्धी खाल्लेली होती. चौदाशे रुपये घेतले. आता दोन्ही बाजूंनी चार्ज होतोय, सूचना नाही. फास्ट चार्जिंग मात्र पूर्वीइतकं लागत नाही. आधी पन्नास मिनिटांत भरायचा, आता सव्वा तास लागला. सब-बोर्ड कंपनीचा नसल्यामुळे असेल का?

---

जुना_सोल्डर | दुपारी १.१५

असू शकतं. बाहेरच्या बोर्डावर फास्ट चार्जिंगसाठी लागणारा एखादा भाग कधी कधी नसतो. आधी फोनसोबत आलेला चार्जर आणि त्याला चालणारी चांगली केबल लावून वेळ मोज. तरी तेवढाच वेळ लागला तर दुकानदाराकडे जाऊन दुसरा बोर्ड लावून बघायला सांग, आठवडाभरात गेलीस तर शक्यतो नाही म्हणणार नाहीत.

अजून एक. फोन उघडला तेव्हा कडेचं सील तुटलं. नवा गोंद लावला असेल, तरी आयपी६७ आता धरून चालू नकोस. ते रेटिंग नव्या फोनचं, स्वच्छ साध्या पाण्यातलं असतं. ती जुनी केबल कापून टाक, घरात कुणीतरी उचलून लावेल.

---

नितीन_चिंचवड | दुपारी २.००

ही चर्चा वाचून माझ्या स्कूटरच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारला. आत हिरवं आहे! म्हणजे माझंही तेच. झाकणाचं रबर फाटलं होतं.

---

वारजेची_रसिका | दुपारी २.२५

नितीन, मीही आत्ता खाली जाऊन बघून आले. माझ्या सॉकेटमध्येही एका पट्टीवर हिरवं आहे. हे पण आयपीएने साफ होईल का?

---

जुना_सोल्डर | दुपारी २.५०

होईल, पण किल्ली काढून. काही स्कूटरांत किल्ली बंद केल्यावरही सॉकेटला वीज असते, म्हणून आधी एखादा स्वस्त मीटर किंवा दिवा लावून वीज नाही ना ते बघा. साफ करून, वाळवून झाल्यावर झाकण घट्ट बसत नसेल तर नवं बसवा. तोवर पावसात केबल न लावलेलीच बरी.

---

सुनंदा_काकू | दुपारी ३.१०

रसिका, आईची औषधं वेळेवर आली का गं?

---

वारजेची_रसिका | दुपारी ३.१८

हो काकू, शुक्रवारीच आली. जुन्या फोनवर ओटीपी आला होता.